वाटीचे ग्रॅम करताना चुकते कोठे? (शंकरपाळ्यांच्या ऑर्डरचा हिशेब)

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

सर्वांना नमस्कार. आमच्या बचत गटाला दिवाळीसाठी पाच किलो शंकरपाळ्यांची ऑर्डर मिळाली आहे. गटात आम्ही पाच जणी असून प्रत्येकीच्या घरची वाटी निराळी आहे, त्यामुळे कृती ग्रॅममध्ये लिहून भिंतीवर लावावी असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

कृती सासूबाईंची आहे. एक वाटी तेल, एक वाटी साखर आणि एक वाटी दूध एकत्र गरम करून साखर विरघळवायची, मिश्रण कोमट झाले की त्यात मावेल तेवढा मैदा घालायचा. किती मावतो असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सहा वाट्या धर." मी इंटरनेटवरचा एक तक्ता काढला. त्यात एका कपाला तेल २१८ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम असे दिले होते. मी वाटीला कप मानले, दुधाचे २४० मिली धरले आणि सहा कपांचा मैदा ७५० ग्रॅम तोलून घेतला.

पीठ सैल झाले, परातीला तेलकट चमक आली, लाटताना कडा फाटत होत्या. तळताना शंकरपाळ्यांना फेस आला आणि निम्म्यांचा तेलातच सुटून चुरा झाला. त्या दिवशी सासूबाई औंढ्याला दर्शनाला गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी पीठ हातात घेताच आणखी मैदा घालायला लावला असता. मी मात्र कागदावरच्या आकड्यावर विश्वास ठेवला आणि एक ग्रॅमही जास्त घातला नाही.

घरची वाटी म्हणजे कप नव्हे, हीच माझी चूक असावी असे मला वाटते. तसे असेल तर वाटीवरून ग्रॅम कसे काढायचे ते कृपया सांगावे.

सिडको_एन_सहा (छत्रपती संभाजीनगर)

ताई, तुमचे निदान बरोबर आहे. तक्त्यातला कप २४० मिलीचा असतो आणि आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान असते. वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि वाटी पाण्याने भरा. जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर, कारण पाण्याच्या एका मिलिलिटरचे वजन एक ग्रॅम असते.

समजा तुमची वाटी १६० मिलीची निघाली, तर तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याचे दोन तृतीयांश करायचे. म्हणजे तेल १४५, साखर १३३ आणि मैदा ८३ ग्रॅम. सहा वाट्या मैदा म्हणजे ४९८, अर्थात अर्धा किलो. हिशेब इतका सोपा आहे. मी घरी सर्व कृती अशाच करून ठेवल्या आहेत.

पैनगंगा_भाऊ (किनवट)

तेलाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असे छापलेले असते. आम्ही पैसे लिटरचे देतो आणि ९० ग्रॅम कमी मिळतात, ही ग्राहकाची फसवणूक नाही का? यावर कोणी तक्रार केली आहे का?

मांजरा_तीर (लातूर)

पैनगंगा भाऊ, यात फसवणूक नाही. तेल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणूनच ते पाण्यावर तरंगते. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅमच भरते, तुम्हाला लिटर पूर्ण मिळालेला असतो. लक्ष ठेवायचे असेल तर डब्यावर ठेवा. १५ लिटरच्या डब्यात सुमारे साडेतेरा किलोच्या थोडे वर तेल असते, तर १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर. दोन्ही डबे शेजारी ठेवलेले असतात आणि भाव विचारताना डबा लिटरचा की किलोचा हे आपण विचारत नाही. आपल्याकडे घाण्यावरचे करडईचे तेल बहुधा किलोने मिळते, पिशवीतले लिटरने, त्यामुळे दोन्हींच्या भावाची सरळ तुलना करता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षे काढली आहेत आणि निवृत्तीनंतर पत्नीच्या नानकटाईच्या व्यवसायात तोलण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ताई, वाटीला कप मानल्यामुळे तुमचे पीठ बिघडले नाही. तेल, साखर, दूध आणि मैदा या चौघांनाही तुम्ही तोच मोठा कप लावला, त्यामुळे सगळेच दीडपट झाले आणि त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण जागच्या जागी राहिले. तसे असते तर दीडपट शंकरपाळे चांगले झाले असते. सिडको यांनी सांगितल्याप्रमाणे सर्व आकड्यांचे दोन तृतीयांश केले असते, तरी तेच सैल पीठ थोड्या प्रमाणात झाले असते. चूक एकट्या मैद्यात आहे.

तेल द्रव आहे. ते कोणीही ओतले तरी तितक्याच जागेत तितकेच वजन मावते. साखरेचे दाणे कडक असतात, ते दाबले जात नाहीत, त्यामुळे सपाट भरलेल्या २४० मिलीच्या कपात २०० ग्रॅमच्या आसपास साखर येते. मैद्याच्या कणांमध्ये मात्र हवा असते आणि ती किती राहील हे भरणाऱ्याच्या हातावर ठरते. मैदा चाळून चमच्याने अलगद कपात टाकला आणि सुरीने सपाट केला, तर १२० ते १२५ ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरून काढला तर १४५ च्या पुढे जातो, आणि वर ओट्यावर दोनदा आपटला तर १६० पर्यंतही जाऊ शकतो. तुमच्या तक्त्यातले १२५ हे चमच्याने भरणाऱ्या माणसाचे आहेत. सासूबाई चमच्याने भरतात का, हे पाहावे लागेल. माझा अंदाज आहे की त्या वाटी डब्यात खुपसत असाव्यात.

आधोली (वसमत)

मांजरा तीर यांनी जे सांगितले ते आमच्या वडिलांच्या दुकानात मी लहानपणी रोज पाहिले आहे. वजनाचे कायदे १९५६ नंतर बदलले, तरी खेड्यातून धान्य पुढे कितीतरी वर्षे पायली, शेर, मापटे आणि चिपटे यांनीच दिले जात होते. मापाचा शेर आणि वजनाचा शेर या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि ज्वारीने भरलेला शेर व पिठाने भरलेला शेर काट्यावर कधीच सारखा येत नसे. म्हणून पीठ मापाने देण्याला वडिलांचा विरोध असे.

दुसरी गोष्ट शिगेची. ज्वारी घेणारा माणूस मापावर शीग लावून मागत असे आणि देणारा हात फिरवून सपाट करू पाहत असे. भांडणे व्हायची ती सगळी त्या शिगेवरून. ताई, आपल्या सासूबाई साखरेची वाटी सपाट भरतात की शिगोशीग, हेही पाहून घ्या. माझ्या अनुभवात जुन्या बायका साखर आणि गूळ शीग लावूनच घेतात.

सिडको_एन_सहा (छत्रपती संभाजीनगर)

काका, शीग वगैरे ठीक आहे, पण प्रमाणित कप आणि चमचे बाजारात मिळत असताना एवढ्या तपशिलात जाण्याची गरज आहे का? चमच्याने मैदा भरायचा आणि सपाट करायचा, ही जगभरची मान्य रीत आहे. सर्वांनी तीच पाळली तर गोंधळच होणार नाही.

मांजरा_तीर (लातूर)

ज्याने कृती लिहिली त्याने ती रीत पाळली असेल तरच तिचा उपयोग आहे. पुस्तकातल्या केकसाठी तुमची पद्धत अगदी योग्य आहे. पण या कृतीतल्या सहा वाट्या सासूबाईंच्या हातच्या आहेत. त्यांच्या सहा वाट्यांचे ग्रॅम कोणत्याही तक्त्यात सापडणार नाहीत, ते त्यांच्या हाताखालीच तोलावे लागतील.

आधोली काकांनी शिगेचे सांगितले ते मोलाचे आहे. त्याच्या उलट एक गोष्ट तेलाची आहे. तेलाची वाटी काठोकाठ कोणीही भरत नाही, कारण कढईपर्यंत नेताना ते सांडते. दुधाचेही तसेच. म्हणजे पाण्याने मोजून १६० मिली आलेली वाटी तेलासाठी प्रत्यक्षात दीडशेचीच असू शकते, साखरेसाठी १६० पेक्षा जास्त आणि मैद्यासाठी हात पडेल तशी. एकच वाटी आहे, पण मापे तीन झाली.

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. सासूबाई परवा परत येत आहेत. त्या आल्यावर नेमके काय काय तोलू, तेवढे सांगा. आमच्या गटाकडे पाच किलोपर्यंतचा एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा आहे. त्याचा भरवसा कितपत धरावा?

मांजरा_तीर (लातूर)

काटा तपासण्यासाठी मोजलेले पाणी वापरा. मेडिकलच्या दुकानात दहा मिलीची सिरिंज मिळते, तिने वीस वेळा पाणी वाटीत सोडले तर काट्याने २०० च्या जवळ आकडा दाखवायला हवा. दोन-तीन ग्रॅमांचा फरक सोडून द्या. काटा सपाट ओट्यावर ठेवा आणि पंखा बंद करा, कारण परातीसारखे पसरट भांडे वाऱ्याने हलते आणि आकडा नाचतो.

सासूबाईंना मोजते आहे असे जाणवू देऊ नका, नाहीतर त्या नेहमीपेक्षा जपून भरतील. त्यांनी भरलेली तेलाची वाटी, साखरेची वाटी आणि दुधाची वाटी कढईत जाण्यापूर्वी काट्यावरून फिरवून घ्या आणि रिकाम्या वाटीचे वजन त्यातून वजा करा. मैद्याच्या वाट्या मात्र मोजूच नका. मैद्याचा डबा झाकणासकट सुरुवातीला तोला, पीठ मळून झाल्यावर पुन्हा तोला. परातीत कोरडा मैदा उरला असेल तर तो आधी डब्यात परत टाका. डब्याच्या वजनात जी घट येईल तो "मावेल तेवढा" मैदा. लाटताना भुरभुरायला घेतलेला मैदा या हिशेबात धरू नका, तो वेगळ्या वाटीत काढून ठेवा.

योगेश्वरी_नगरी (अंबाजोगाई)

आमचा प्रश्न थोडा निराळा आहे, पण येथे जाणकार आहेत म्हणून विचारते. माझी मुलगी मेलबर्नला असते. तिने बिस्किटांची तिकडची कृती पाठवली, त्यात तेल "चार टेबलस्पून" होते. मी १५ मिलीच्या चमच्याने चार वेळा तेल घातले. मिश्रण कोरडे राहिले, भुगा झाला. मुलगी म्हणते की तिच्याकडे पहिल्याच वेळी व्यवस्थित झाली. मैदा मी तोलून घेतला होता, त्यामुळे दोष मैद्याचा नसावा.

मांजरा_तीर (लातूर)

ताई, येथे दोष मैद्याचा नाही, चमच्याचा आहे. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलीचा असतो, अमेरिकेतला आणि आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या संचातला १५ मिलीचा. मुलीने ८० मिली तेल घातले आणि आपण ६०. टीस्पून मात्र दोन्हीकडे ५ मिलीचाच आहे, म्हणून तिकडच्या कृतीत एक टेबलस्पून असेल तेथे चार टीस्पून घाला. कपातही थोडा फरक आहे, त्यांचा कप २५० मिलीचा असतो, पण तो फरक चार टक्क्यांचा असल्याने घरगुती बिस्किटांत जाणवत नाही. चमच्यातला फरक थेट तिसऱ्या हिश्शाने असतो, म्हणून जाणवला.

पैनगंगा_भाऊ (किनवट)

डब्याचे समजले, आभारी आहे. पण मग उन्हाळ्यात आपल्याकडे पारा बेचाळीसवर जातो, तेव्हा तेल पसरते आणि लिटरमध्ये कमी वजन मिळते, हे खरे की नाही?

मांजरा_तीर (लातूर)

खरे आहे, पण हिवाळा आणि उन्हाळा यांत फरक दीड-दोन टक्क्यांचा पडेल. एका वाटी तेलात दोन-तीन ग्रॅम. शंकरपाळ्यांना ते कळतही नाही.

तुळजाई (तुळजापूर)

मला ही सगळी चर्चा वाचून थोडे नवल वाटले. "मावेल तेवढा मैदा" ही सूचना अपुरी आहे असे समजून सर्वजण तिचे ग्रॅम करायला निघाले आहेत. ज्या बायकांनी ही कृती बांधली त्यांनी तेल, साखर, दूध हे वाटीने सांगितले आणि मैदा मुद्दाम मोकळा ठेवला, कारण मैदाच दर वेळी निराळा असतो, हे त्यांना ठाऊक होते. एका गिरणीचा मैदा जास्त दूध पितो, दुसऱ्याचा कमी. पावसाळ्यात दमट झालेला कमी पितो. गोळा घट्ट मळल्यावर त्यावर बोट दाबले की खूण राहावी, आणि तळहाताला तेल लागावे पण पीठ चिकटू नये, ही खरी खूण आहे. आकडा चुकला तरी हात चुकत नाही.

मी स्वतः साखर विरघळवण्याऐवजी पिठीसाखर घालते, वाटीला वाटी. माझे शंकरपाळे कमी गोड होतात एवढेच, पण खुसखुशीत होतात.

मांजरा_तीर (लातूर)

तुळजाई ताई, आपले पहिले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. या कृतीत मैदा सर्वांत शेवटी आणि हाताच्या अंदाजाने येतो, म्हणून वाटीतली सर्व लबाडी तेथे भरून निघते. ग्रॅमचा आकडा सुरुवात म्हणून घ्यावा आणि शेवटचा मूठभर मैदा हाताने ठरवावा. पण गटातल्या पाच जणींपैकी दोघींचा हात अजून बसलेला नसेल, तर त्यांना सुरुवात कोठून करायची हे सांगायला आकडा लागतोच.

कमी गोडव्याचे कारण आपल्या वाटीत आहे. साखर दळली की तिच्यातही मैद्यासारखी हवा शिरते. आमच्या १६० मिलीच्या वाटीत साधी साखर सपाट भरून १३३ ग्रॅम बसते आणि मिक्सरवर नुकतीच दळलेली पिठीसाखर नव्वदच्या आत. वाटीला वाटी घातल्याने आपल्या शंकरपाळ्यात साखर जवळजवळ एक तृतीयांश कमी पडते. साखर आधी तोलून मग दळली तर गोडवा तोच राहील.

तुळजाई (तुळजापूर)

मला कमी गोडच आवडतात. पण कारण कळले, ते बरे झाले.

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

काल सर्व तोलून झाले. सासूबाईंना शेवटी सांगावेच लागले, कारण मी वाटी काट्यावर ठेवताना त्यांनी पाहिले आणि "तेलाचाही आता हिशेब मागणार काय," असे म्हणून त्या हसल्या. सुदैवाने तोपर्यंत तेल आणि साखर तोलून झाली होती.

आमची वाटी पाण्याने काठोकाठ भरली तर १६० मिलीची आहे. सिडको यांनी "समजा" म्हणून घेतलेला आकडा अगदी बरोबर निघाला, याचे मला नवल वाटले. तेलाची वाटी काठाखाली जराशी रिकामी होती आणि तेल १३८ ग्रॅम भरले. दूध १५५ ग्रॅम. साखर आधोली काकांनी म्हटल्याप्रमाणे शिगोशीग, १४९ ग्रॅम. मैद्याचा डबा आधी ३,२१४ ग्रॅम आणि नंतर २,६४२ ग्रॅम भरला, म्हणजे ५७२ ग्रॅम मैदा मावला. वाट्या मी मोजू नये असे ठरले होते, पण राहवले नाही. त्यांनी पाच वाट्या पूर्ण आणि सहावी जवळजवळ पूर्ण घातली. वाटी डब्यात खुपसून काढतात आणि वर अंगठ्याने दाबतातही.

माझ्या पहिल्या घाण्याशी तुलना केली तेव्हा चूक समोर दिसली. त्या दिवशी ७५० ग्रॅम मैद्याला तेल, साखर आणि दूध मिळून साधारण ६६५ ग्रॅम पडले होते. सासूबाईंच्या प्रमाणाने तेवढ्या मैद्याला साधारण ५८० ग्रॅमच पडायला हवे होते. जवळजवळ अर्धी वाटी ओल जास्त झाली होती, आणि ती बहुतेक सगळी तेलाची आणि दुधाची होती.

मांजरा_तीर (लातूर)

उत्तम तोलले आहे. तुमच्या पहिल्या घाण्यात शंभर ग्रॅम मैद्याला २९ ग्रॅम तेल होते, सासूबाईंच्या घाण्यात २४. मोहन जास्त झाले की मैद्याचे कण एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत आणि शंकरपाळे गरम तेलात सुटतात. मोहन फार कमी झाले तर उलट होते, शंकरपाळे सुटत नाहीत पण दाताला दगडासारखे लागतात.

आता ऑर्डरसाठी सगळे साडेतीन पट करा. मैदा २ किलो, तेल ४८३ ग्रॅम, साखर ५२२ ग्रॅम, दूध ५४३ ग्रॅम. तेल पिशवीतून मापाने ओतणार असाल तर ते ५३० मिली होईल, पण तोलणेच बरे. मैद्यातला दीडशे ग्रॅम शेवटपर्यंत बाजूला ठेवा आणि तुळजाई ताईंनी सांगितलेल्या बोटाच्या खुणेवरून तो घाला किंवा घालू नका.

एक धोका लक्षात ठेवा. लहान कढईत एक वाटी दूध गरम करताना जितके पाणी वाफ होऊन जाते, त्या मानाने मोठ्या पातेल्यात कमी जाते, त्यामुळे साडेतीन पट घेतलेले मिश्रण थोडे जास्त पातळ राहू शकते. सासूबाईंचे मिश्रण कोमट झाल्यावर किती भरले हे तोलले होते का?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

नाही, ते राहून गेले. त्या साखर विरघळली की लगेच उतरवतात, उकळी येऊ देत नाहीत, त्यामुळे फार घट झाली नसावी. पुढच्या वेळी तोलेन.

सिडको_एन_सहा (छत्रपती संभाजीनगर)

माझे अर्धा किलो मैद्याचे गणित चुकले हे मान्य करतो, ७० ग्रॅमपेक्षा जास्त कमी पडले असते. साखर आणि तेलाचे माझे आकडे मात्र दहा-बारा टक्क्यांच्या आत आले. तरीही मला वाटते की तुमच्या गटाने यापुढे नवीन कृती प्रमाणित कपाने, सपाट भरूनच बसवाव्यात. सासूबाईंच्या अंगठ्याचा दाब भिंतीवर लिहिता येणार नाही.

आधोली (वसमत)

अंगठ्याचा दाब लिहायचा नाहीच, ५७२ ग्रॅम लिहायचे आहेत. दाब त्या आकड्यात आलेला आहे.

योगेश्वरी_नगरी (अंबाजोगाई)

मी चार टीस्पूनच्या हिशेबाने, म्हणजे एकूण सोळा टीस्पून तेल घालून बिस्किटे पुन्हा केली. या वेळी मिश्रणाचा गोळा झाला. घरातल्या पोह्याच्या चमच्याने मोजले असते तर चालले असते का? दर वेळी संच शोधावा लागतो.

मांजरा_तीर (लातूर)

पोह्याचे चमचे घरोघर निराळे असतात. एक चमचा पाणी काट्यावर तोलू नका, एक ग्रॅमच्या काट्यावर तो आकडा विश्वासाचा नसतो. दहा चमचे पाणी वाटीत घाला, जे वजन येईल त्याला दहाने भागा. आमच्या घरचा चमचा ८ मिलीचा निघाला, म्हणजे तुमच्या ८० मिलीसाठी आमचे दहा चमचे. हे फक्त तेलासाठी आणि पाण्यासाठी. चमच्यावर साखरेची आणि मैद्याची शीग इतकी मोठी राहते की दोन शिगांच्या चमच्यांत जवळजवळ तीन सपाट चमचे मावू शकतात.

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

आज दोन किलोचा घाणा झाला. दीडशे ग्रॅम राखून ठेवलेल्या मैद्यापैकी नव्वद ग्रॅम लागले, साठ उरले. मिश्रण कोमट झाल्यावर तोलले, ते १,५३६ ग्रॅम भरले, म्हणजे घट फार तर बारा ग्रॅमांची. मैदा कमी का लागला हे मला नीट कळले नाही. डबा नवीन होता आणि पिशवी दुसऱ्या गिरणीची होती, एवढाच फरक होता. एकही शंकरपाळा सुटला नाही.

आता अडले आहे ते दुसरीकडेच. भिजवलेले पीठ साधारण साडेतीन किलो होते, तळल्यावर शंकरपाळे ३,३१० ग्रॅम भरले. दुधातले पाणी उडून गेले आणि तळणीचे तेल आत गेले, पण कोणते किती, हे मला वेगळे करता येत नाही. पाच किलोसाठी आणखी १,६९० ग्रॅम लागतील, म्हणून उद्या एक किलो मैद्याचा घाणा करावा असे वाटते. तळणीचे तेल कढईसकट आधी आणि नंतर तोलले तर आत गेलेले तेल कळेल का, की कढईत राहिलेल्या चुऱ्यामुळे आकडा बिघडेल?

मांजरा_तीर (लातूर)

चुरा झाऱ्याने काढून कढईत निथळू द्या आणि मगच तोला. तेल पूर्ण थंड होण्याची वाट पाहा, गरम कढई काट्यावर ठेवू नका, काटा बिघडतो. एक किलो मैद्याचा घाणा आजच्या निम्मा, म्हणजे साडेसोळाशेच्या आसपास शंकरपाळे होतील. ऑर्डर पूर्ण करायला तीस-पस्तीस ग्रॅम कमी पडतील, म्हणून मैदा अकराशे घ्या आणि बाकी सर्व त्याच प्रमाणात: तेल २६५, साखर २८७, दूध २९८.